‘निव्वळ देखावा’ या शब्दाबद्दल

मॅचनंतरचं कूल-डाऊन, पाणी आणि झोप यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया:
“जरा वाचन वाढवा. कूल-डाऊनने अंगदुखी कमी होत नाही हे कधीच सिद्ध झालंय, लॅक्टिक ॲसिडची कथा तर जुनाट आहे. मॅच संपल्यावर दमलेल्या पोरांना दहा मिनिटं चालवणं हा निव्वळ देखावा. पाणी तहान लागली की पोरं पितातच, आणि झोपेचं ऐकतं कोण? मैदानावर कधी उतरलायत का?”

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तोच लागला. एकोणीस वर्षं शाळेच्या टीम्स घेऊन मैदानावर उभा आहे, सुरुवातीची सहा वर्षं एक पैसा न घेता. मतभेद असू द्या, पण ओळख ना पाळख आणि थेट ‘उतरलायत का’, ही बोलायची पद्धत झाली का?

लॅक्टिक ॲसिडचं मान्य. कूल-डाऊनने ते स्नायूंतून निघून जातं आणि म्हणून अंग दुखत नाही, हे माझ्या लेखातलं वाक्य चुकीचं होतं, काढून टाकलंय. लॅक्टेट तासा-दोन तासांत आपोआप खाली येतं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. कूल-डाऊनने दुखणं फारसं कमी होत नाही हेही बरोबर, स्ट्रेचिंगने पडणारा फरक तर इतका थोडा असतो की पोरांना जाणवतही नाही. पण म्हणून ‘देखावा’? हा शब्द मला मान्य नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. फुटबॉलची फायनल, शेवटची पाच मिनिटं पोरं जीव तोडून पळालेली, शिट्टी वाजली आणि मी सगळ्यांना ओळीत उभं करून भाषण सुरू केलं. दोन मिनिटंही झाली नसतील, चौदा वर्षांचा एक मुलगा पांढराफटक पडला आणि सरळ तोंडावर आपटला, हनुवटीला टाके पडले. ती चूक माझी होती. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या पूर्ण रुंदावलेल्या असतात आणि पोटरीचे स्नायू दर पावलाला रक्त पिळून वर हृदयाकडे ढकलत असतात. माणूस एकदम थांबून उभा राहिला की हा पंप बंद पडतो, वाहिन्या मात्र रुंदच राहतात, रक्त पायात साचतं आणि मेंदूला कमी पडतं. आडवं करून पाय वर घेतले की अशी मुलं बहुतेकदा मिनिटभरात शुद्धीवर येतात, तोही आला. (पळता पळताच कोणी कोसळलं तर ते प्रकरण वेगळं, तिथे हृदयाची तपासणी झाल्याशिवाय परत खेळवायचं नाही.)

त्या दिवसापासून शिट्टीनंतर कोणी जागेवर उभं राहत नाही. दोन-तीन मिनिटं अगदी सावकाश जॉग, ऊन असेल तर तोही नाही, नुसतं सावलीत चालणं. मग पाच-सहा मिनिटं चाल, हळूहळू कमी करत, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. श्वास जागेवर आला की खाली बसायचं आणि मग भाषण. स्ट्रेचिंग ज्यांना बरं वाटतं त्यांनी बसल्या बसल्या करावं, सक्ती नाही.

आणि दुसरं कारण, जे तुमच्या कुठल्याच वाचनात आलेलं दिसत नाही. ही दहा मिनिटं मुलांपेक्षा जास्त कोचसाठी असतात. अख्खी टीम माझ्या डोळ्यांसमोरून चालत जाते तेव्हा कोण लंगडतंय, कोणाचं डोकं दुखतंय, कोण नेहमीपेक्षा गप्प आहे हे कळतं. दोन्ही मांड्या सारख्याच जड वाटत असतील, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून मग उतरत असेल तर ते साधं स्नायूंचं दुखणं, त्याला दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं निवांत चालणं किंवा सायकल पुरते. एकाच बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि चाल बदलली असेल तर ती इजा समजायची, तिथे हलका व्यायामसुद्धा नाही. आणि उन्हात खेळून अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तोल जातोय असं दिसलं तर कूल-डाऊन गेलं खड्ड्यात, आधी त्याला जागेवरच गार पाण्यात बसवा, त्याच वेळी ॲम्ब्युलन्स बोलवा, पण ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका. पोरं शिट्टीबरोबर पांगली असती तर यातलं काय दिसलं असतं, सांगा ना.

पाण्याचं वाक्य सोडूनच देणार होतो. दिवसाला एकच मॅच असेल तर तहान आणि जेवण बहुतेक वेळा पुरतं, ठीक. पण एका दिवसात दोन मॅच असल्या की नुकसान भरून निघायच्या आधीच तहान शमते, हे मी वहीत लिहून लिहून पाहिलंय. एक मुलगा सकाळी मॅचआधी ४८ किलो, नंतर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत ४७.२. मध्ये ४०० मिली प्यायलेला, म्हणजे घाम गेला साधारण सव्वा लिटर आणि तूट राहिली ८०० ग्रॅमची. पुढची मॅच चार तासांनी. तुटीच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे लिटर ते १.२ लिटर, थोडं थोडं करून आणि मिठाच्या जेवणासोबत, कारण नुसतं पाणी एकदम ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. त्याच दिवशी दुसऱ्या एकाचं वजन ३०० ग्रॅमने वाढलेलं होतं! कोणीतरी ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून मागे लागलेलं. त्याला तहान लागेपर्यंत थांबवलं, कारण अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेततं. हो, वजनं मी एकेकट्याची घेतो, मोठ्याने वाचत नाही आणि मला फक्त फरकाशी मतलब असतो, या वयात वजनावरून बोललेलं मुलं कायम लक्षात ठेवतात.

झोपेचं ‘ऐकतं कोण’ यावर काय बोलणार. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात, त्याहून लहानांना नऊ ते बारा. २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंत दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली, त्याने झोप हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे ओरडून कोणी झोपत नाही. म्हणून मी मुलांना बदललं नाही, प्रॅक्टिस बदलली. संध्याकाळच्या मॅचनंतर सकाळी सहाची प्रॅक्टिस रद्द, हलकी हालचाल दुपारी. तेवढं कोचच्या हातात असतं आणि ते मुलांनी ‘ऐकण्यावर’ अवलंबून नाही.

तुमची टीम असेल तर पुढे एकाच दिवशी दोन मॅच येतील तेव्हा वजनाची वही ठेवा आणि आकडे इथे टाका, मी नीट वाचेन. पण ‘वाचन वाढवा’ वगैरे परत लिहिलंत तर उत्तर देणार नाही.