‘पाणीपट्टी भरू नका’ हे वाक्य कोणत्या आधारात बसते?

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी संविधान शिकवतो. अनुच्छेद १९(२) आला की एका बाजूला भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याचे त्यातले आठ आधार आणि दुसऱ्या बाजूला काही प्रसंग लिहून जोड्या लावायला सांगतो. त्यातल्या एका प्रसंगावर दरवर्षी बहुतेकांचे उत्तर चुकते. प्रसंग असा: सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले आहेत आणि एक नेता जाहीर सभेत शेतकऱ्यांना सांगतो, ‘वाढीव पाणीपट्टी भरू नका.’ निम्मा वर्ग ‘अपराधास चिथावणी’ लिहितो, उरलेला ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. यातला एकही आधार इथे लागू पडत नाही.

हा प्रसंग काल्पनिक नाही. १९५४ साली उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी असे भाषण केले आणि त्यांना अटक झाली. त्यासाठी वापरलेला कायदा १९३२ सालचा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला होता. सरकारी देणे भरू नये असे लोकांच्या एखाद्या वर्गाला सांगणे हाच त्यात गुन्हा होता. सरकारचे म्हणणे असे की, आज एकाने देणे थकवले तर उद्या चळवळ उभी राहील, चळवळीतून कायदा मोडण्याची वृत्ती वाढेल आणि शेवटी सुव्यवस्था कोसळेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली ही साखळी मान्य केली नाही. भाषण आणि अव्यवस्था यांच्यातला संबंध निकटचा हवा, कल्पनेने ताणलेला चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने ते कलम रद्दबातल ठरवले.

आता ‘अपराधास चिथावणी’ का नाही, ते पाहू. अपराध म्हणजे कायद्याने शिक्षापात्र ठरवलेले कृत्य किंवा कसूर. पाणीपट्टी थकली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. नुसती थकवली म्हणून शेतकरी गुन्हेगार ठरत नाही. जे करणे अपराध नाही, ते करा असे सांगणे अपराधास चिथावणी कसे होईल? आणि सांगणे हाच गुन्हा ठरवून मग ‘पाहा, गुन्हा घडला’ असे म्हणायचे ठरवले, तर या आधाराला काही मर्यादाच राहणार नाही.

यानंतर मी याच प्रसंगातला एकेक तपशील बदलतो, कारण आधार ठरतो तो विषयावरून नव्हे, तर अशा तपशिलांवरून. सभा कालव्याच्या कचेरीसमोर आहे, लोकांच्या हातात काठ्या आहेत आणि वक्ता म्हणतो, ‘चला, आत्ताच दप्तर जाळू.’ इथे जाळपोळ हा अपराध आहे आणि तो घडायला काही मिनिटांचाच अवकाश आहे. त्यामुळे चिथावणी आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही आधार लागू होतात. वक्त्याने तसे काही न म्हणता एका अभियंत्याचे नाव घेऊन त्याने लाच खाल्ल्याचा खोटा आरोप केला, तर प्रश्न अब्रूनुकसानीचा होतो. तिथे जमाव शांत होता की खवळला, याला महत्त्व नाही. आणि दरवाढीचा खटला सुरू असताना ‘न्यायाधीशाने सरकारकडून पैसे घेतले आहेत’ अशी निराधार पत्रके वाटली, तर न्यायालयाचा अवमान. निकालावर प्रामाणिक, अगदी कठोर टीका केली, तर मात्र नाही.

‘राज्याची सुरक्षितता’ हा आधार फार सहज पुढे केला जातो, याची मला खरोखर चिंता वाटते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लोहियांच्याच दुसऱ्या एका खटल्यात एकात एक अशी तीन वर्तुळे सांगितली: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोघांची हाणामारी पहिल्या वर्तुळात राहते. गावभर दंगल पसरली तर दुसऱ्यात येते. सशस्त्र उठाव तिसऱ्यात. बाहेरच्या वर्तुळातली घटना आतल्या वर्तुळाचे नाव देऊन दाबता येत नाही.

मुळात १९५० च्या संविधानात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा आधार नव्हताच. मद्रास सरकारने एका साप्ताहिकाच्या प्रवेशावर घातलेली बंदी त्याच कारणाने टिकली नाही, आणि म्हणून १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने तो घातला गेला. पण त्याच दुरुस्तीने निर्बंधाआधी ‘वाजवी’ हा शब्दही आणला, हे आपण विसरतो. त्यामुळे आधार सापडला की काम संपत नाही. निर्बंध त्या धोक्याच्या प्रमाणात आहे का, हेही दाखवावे लागते.

२०१२ साली पालघरमध्ये बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. तिथे लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ असे शब्द होते. आठ आधारांच्या यादीवरून बोट फिरवून पाहा, हे दोन शब्द त्यात कुठेही नाहीत. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केले. एखाद्या पोस्टवर तक्रार झाली की ठाण्यातल्या अधिकाऱ्याने आधी त्या यादीतला आधार कागदावर लिहावा आणि त्याखाली तो ज्या घटनेवरून दिसतो ती घटना लिहावी, अशी माझी मागणी आहे. दुसरी ओळ कोरी राहत असेल, तर अटक करू नये.