बॉक्सवर M, फोनमध्ये N: आयफोन १२ च्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

★☆☆☆☆ "रिफर्बिश्ड म्हणून आयफोन १२ घेतला. बॉक्सवर दुकानाचा पांढरा स्टिकर होता, तो नखाने काढला तर खाली कंपनीचा स्टिकर आणि त्यावर वेगळाच आयएमईआय. बॉक्सवर मॉडेल नंबर M ने सुरू होतो, फोनमध्ये N ने. भाचा म्हणतो रिफर्बिश्ड असेल तर F पाहिजे. म्हणजे फोन एक तर चोरीचा, नाहीतर जोडतोड केलेला. फोटो टाकलाय, बघा आणि सावध राहा."

नमस्कार ताई,

तुमचा फोटो मोठा करून पाहिला आणि दुकानातली या फोनची फाइलही काढली. आधी आमची चूक सांगतो. कंपनीच्या स्टिकरवर आमचा स्टिकर चिकटवायला नको होता, आणि कार्डावर "मूळ बॉक्ससह" असं लिहायला तर अजिबात नको होतं. तो बॉक्स या फोनचा नाही. तुम्हाला संशय आला तो रास्त आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

पण फोन चोरीचा नाही आणि जोडलेलाही नाही. N कुठून आला ते नीट सांगतो, कारण हा रिव्ह्यू वाचून बाकीचे लोकही आपापले फोन तपासायला बसतील.

आयफोनमध्ये Settings, मग General, मग About उघडलं की Model Number दिसतो. त्याच्यावर बोट ठेवलं की A ने सुरू होणारा दुसरा नंबर येतो, तो इथे कामाचा नाही. पुन्हा बोट ठेवलं की पहिला परत येतो. त्या पहिल्या नंबरातलं सुरुवातीचं अक्षर सांगतं की फोन कंपनीतून कोणत्या वाटेने बाहेर पडला. M म्हणजे नवा, विक्रीसाठी आलेला. F म्हणजे ॲपलने स्वतः दुरुस्त करून पुन्हा विकलेला. N म्हणजे ग्राहकाचा फोन बिघडला म्हणून सर्व्हिसमधून बदलून दिलेला. शेवटी HN/A असेल तर तो भारतासाठीचा. तुमच्या फोनमध्ये सुरुवातीला N आणि शेवटी HN/A आहे, म्हणजे भारतात बदलून मिळालेला फोन.

तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. F हे अक्षर फक्त ॲपलच्या स्वतःच्या रिफर्बिश्ड फोनवर येतं. काही देशांत कंपनी असे फोन स्वतः विकते, त्यांना नवी बॅटरी आणि नवं बाहेरचं कव्हर घालते आणि वेगळ्या साध्या पांढऱ्या बॉक्समधून देते. आमच्यासारख्या दुकानाने फोनची बॅटरी बदलली, डिस्प्ले बदलला, काहीही केलं तरी ते अक्षर बदलत नाही. M असलेला फोन आमच्या टेबलावरून उठतानाही M च असतो. त्यामुळे F नाही एवढ्यावरून दुकानाने फसवलं असं ठरत नाही. मात्र कुणी "कंपनी रिफर्बिश्ड आहे" असं छातीठोक सांगून जास्तीचे पैसे मागत असेल आणि फोनमध्ये M दिसत असेल, तर तो खोटं बोलतोय. आम्ही तुम्हाला "कंपनी रिफर्बिश्ड" म्हटलं नव्हतं. पण नुसतं "रिफर्बिश्ड" लिहिलं की ऐकणाऱ्याला तसंच वाटतं, हे आता कळतंय. यापुढे कार्डावर "वापरलेला, तपासलेला, बॅटरी बदललेली" असं सरळ लिहिणार.

आता या फोनची हकिगत. पहिल्या मालकाने २०२१ मध्ये नवा फोन घेतला, तो M. वॉरंटीत असतानाच तो चार्ज होईना. अधिकृत सर्व्हिस सेंटरने दुरुस्त करण्याऐवजी अख्खा फोन बदलून दिला. तिथे नवा विक्रीचा बॉक्स मिळत नाही, फोन तेवढा हातात मिळतो. त्याने तो घरी नेऊन जुन्याच बॉक्समध्ये ठेवला, आणि आमच्याकडे विकायला आला तेव्हा त्याच बॉक्ससकट आला. म्हणून बॉक्सवर M आणि जुना आयएमईआय, फोनमध्ये N आणि नवा आयएमईआय. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या कागदावर परत घेतलेल्या आणि बदलून दिलेल्या, अशा दोन्ही फोनचे नंबर आहेत. पहिला तुमच्या बॉक्सशी जुळतो, दुसरा तुमच्या फोनशी आणि आमच्या बिलाशी. हा कागद फाइलमध्ये आहे. तुम्ही आलात की मालकाचं नाव-पत्ता झाकून दाखवतो, फोटो काढायला हरकत नाही.

बिल करताना बॉक्सवरचा नंबर जुळत नाही हे काउंटरवरच्या मुलाच्या लक्षात आलं होतं. गिऱ्हाईक गोंधळू नये म्हणून त्याने बिलावरचा नंबर लेबल प्रिंटरवर काढून जुन्या स्टिकरवर लावला. मी ते पाहिलं आणि जाऊ दिलं. फसवणारा माणूसही नेमकं हेच करतो, जुना नंबर झाकतो आणि फोनचा नंबर वर लावतो. त्यामुळे हेतू काय होता हे मी तुम्हाला कितीही सांगितलं तरी बॉक्स बघून ते कळणार नाही, हे मला मान्य आहे. आता आमचा स्टिकर फक्त फोनच्या पाऊचवर लागतो. बॉक्स जुळत नसेल तर बिलावर "बॉक्स या फोनचा नाही" असं लिहून त्याखाली गिऱ्हाइकाची सही घेतो.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी. नंबर जुळला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. मागे एक जण काळा आयफोन ११ बॉक्ससकट विकायला घेऊन आला. *#06# दाबून आलेला नंबर आणि बॉक्सवर छापलेला नंबर आकडा न आकडा सारखा. मग नंबराजवळचा बारकोड स्कॅनर ॲपने वाचला, तर शेवटचे सहा आकडे वेगळे आले. बॉक्स मागाहून छापलेला होता. आकडे या फोनचे टाकले होते, पण बारकोडचं चित्र दुसऱ्याच बॉक्सवरून उचललं होतं. खऱ्या स्टिकरवर बारकोड आणि त्याच्याजवळचे आकडे एकच असतात. शिवाय बॉक्सवर पार्ट नंबर म्हणून छापलेला मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि आयएमईआय हे तिन्ही About मधल्या तीन ओळींशी जुळायला हवेत, आणि त्याच स्टिकरवर लिहिलेले जीबी आणि रंगही. नकली बॉक्सवाला बहुतेक वेळा आयएमईआय तेवढा जुळवतो, कारण लोक तेवढाच बघतात. त्या फोनच्या बॉक्सवर सिरियल नंबरही दुसराच होता. आम्ही तो घेतला नाही. (आयफोन १२ च्या बॉक्सवर IMEI आणि IMEI2 असे दोन नंबर असतात. घाईत एकाशी दुसरा ताडून पाहिला तर चांगल्या फोनवरही संशय येतो, म्हणून दोन्ही बघा.)

आणि तिन्ही ओळी जुळल्या तरी त्यातून एवढंच कळतं की हा फोन कारखान्यातून याच बॉक्समधून निघाला. त्यानंतर काच, बॅटरी, कॅमेरा काय काय बदललं, हे बॉक्स सांगू शकत नाही. त्यासाठी About मध्येच Parts and Service History अशी ओळ असते. आयफोन १२ मध्ये सुटा भाग बदललेला असेल तरच ती दिसते, आणि बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा असं भागाप्रमाणे सांगते. तुमच्या फोनमध्ये तिथे बॅटरीसमोर Unknown Part दिसेल, कारण ती आम्ही बदलली आणि ती ॲपलची नाही. हे बिलाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे. डिस्प्ले किंवा कॅमेऱ्याबद्दल तिथे काहीही दिसलं तर मला लगेच कळवा, ते आमच्या तपासणीतून सुटलेलं असेल.

चोरीबद्दल. फोन विकत घेताना आम्ही KYM, मग एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवतो. सरकारच्या नोंदीत तो नंबर ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असेल तर उत्तरात कळतं. तुमच्या फोनचं त्या दिवशीचं उत्तर फाइलमध्ये आहे, त्यात तसं काही नाही. पण चोरीची तक्रार होऊन नंबर ब्लॉक झालेला असेल तरच तो तिथे दिसतो, म्हणून आमच्या जुन्या उत्तरावर विसंबू नका. तुम्ही आज स्वतः पाठवून बघा. नंबर बॉक्सवरून घेऊ नका, *#06# दाबून जो येईल तोच टाका. बॉक्सवरचा नंबर टाकलात तर उत्तर सर्व्हिसमध्ये जमा झालेल्या जुन्या फोनबद्दल येईल.

एक विनंती आहे. रिव्ह्यू काढू नका, पण फोटो बदला. त्यात दोन्ही नंबर पूर्ण दिसतात आणि त्यांतला एक तुमच्या चालू फोनचा आहे. आयफोन ११ च्या त्या बॉक्ससारखे बॉक्स छापणारे लोक असेच नंबर गोळा करतात. आयएमईआयचे शेवटचे सहा आकडे आणि सिरियल नंबर झाका, आणि सोबतचे बारकोडही झाका. आकडे झाकून बारकोड उघडा ठेवला तर कोणीही तो स्कॅन करून पूर्ण नंबर काढू शकतो.

तुमचे पैसे. फोन नको असेल तर बिल आणि फोन घेऊन या, २२,५०० रुपये पूर्ण परत मिळतील. काचेवर ओरखडा आला असेल तरी कापणार नाही. फोन ठेवायचा असेल तर बॉक्ससाठी म्हणून जे ५०० रुपये जास्त लावले होते ते परत देतो आणि नवं बिल करून देतो. त्यावर N असलेला बदलून मिळालेला फोन, बॅटरी आमच्याकडे बदललेली, बॉक्स दुसऱ्या फोनचा, असं स्पष्ट लिहिलेलं असेल, म्हणजे पुढे तुम्ही विकायला काढलात तर तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही. बॅटरीची सहा महिन्यांची वॉरंटी नव्या बिलाच्या तारखेपासून धरतो.

मंगळवारी दुकान बंद असतं. बाकी रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ मी स्वतः काउंटरवर आहे. भाच्यालाही घेऊन या, कागद आणि फोन समोर ठेवून दोन्ही नंबर त्यालाच जुळवून बघू द्या.