तारखा द्या, मग ताकीद देतो

संताप होतोय आज. "तो रोजच उशिरा येतो, त्याला चांगलं कडक पत्र काढा." एवढं एक वाक्य फोनवर टाकून साहेब मोकळे. पत्र काढायचं आम्ही आणि त्या माणसाने जाब विचारला की तोंड द्यायचं तेही आम्हीच. सोबत स्वतः लिहिलेला मसुदा पाठवला होता: "आपण सातत्याने बेजबाबदारपणे वागत असून आपल्याला कामाची काडीचीही किंमत नाही." अहो, हे काय ताकीदपत्र आहे? ही शिवीगाळ झाली, फक्त लेटरहेडवर! तारीख नाही, वेळ नाही, आधी कधी समज दिली त्याचा पत्ता नाही. उद्या त्याने विचारलं, "मी कधी उशिरा आलो ते दाखवा", तर काय दाखवायचं? साहेबांचा राग?

जुलैची हजेरी काढली. कामाची वेळ ९, सवलत १० मिनिटांची. ९:१० नंतरच्या नोंदी निघाल्या नऊ. म्हणजे "रोजच" हा शब्द तिथेच खोटा ठरला. पुढे बघते तर त्यातल्या तीन दिवसांना याच साहेबांनी सिस्टीममध्ये "बाहेरचे काम" म्हणून मंजुरी दिलेली! आपणच माफ केलेला उशीर आपणच पत्रात गुन्हा म्हणून कसा घालणार? आणखी एका दिवशी सकाळी पंचिंग मशीन बंद होतं, सगळ्यांचीच नोंद उशिराची पडली होती. तीही गेली. उरले पाच दिवस: ४, ९, १५, २४ आणि २९ जुलै. सगळ्यात कमी उशीर ९:२२, सगळ्यात जास्त ९:४७. पाच दिवस पुरेसे आहेत हो! पण पक्के पाच हवेत, मोघम नऊ नकोत. एक तारीख जरी खोटी निघाली तरी तो तीच धरून बसेल आणि बाकीच्या चार खऱ्या तारखांवर कोणी बोलणारही नाही.

आता तोंडी समज. "दहा वेळा सांगितलंय त्याला." कधी? "असंच, जाता-येता." जाता-येता मारलेला टोमणा म्हणजे समज नव्हे. समोर बसवून, कोणत्या उशिराबद्दल बोलतोय ते सांगून, पुढे काय हवं ते सांगितलं तर ती समज. आणि त्याच दिवशी डायरीत दोन ओळी खरडल्या किंवा त्यालाच मेसेज टाकला की झाली नोंद. यात कोणता डोंगर उपसायचा असतो? खोदून खोदून विचारल्यावर ९ तारखेचा मेसेज सापडला, "सकाळी बोललो ते लक्षात ठेव, उद्यापासून ९ला जागेवर." आणि १५ तारखेला केबिनमध्ये बोलले तेव्हा सुपरवायझर हजर होते. या दोन गोष्टींवर अख्खं पत्र उभं राहतं, कारण समज दिल्यानंतरही २४ आणि २९ला पुन्हा उशीर झाला. लेखी ताकीद द्यायचं खरं कारण तेच आहे, आणि साहेबांच्या मसुद्यात नेमकं तेच नव्हतं!

मी लिहिलं ते असं: "दि. ९ व १५ जुलै रोजी आपणास तोंडी समज देण्यात आली होती. त्यानंतरही दि. २४ जुलै रोजी ९:३१ वाजता व दि. २९ जुलै रोजी ९:४७ वाजता आपण पूर्वसूचना न देता कामावर हजर झालात." आधीच्या तीन तारखा वेळेसकट वरच्या परिच्छेदात. एकही विशेषण नाही. तर साहेब म्हणतात, "फार मिळमिळीत आहे, तो मोबाईलवर असतो तेही घाला." नाही घालणार! हे पत्र उशिराचं आहे. दुसऱ्या तक्रारी घुसडल्या की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस नकोसा झालाय म्हणून निमित्तं शोधताहेत. आणि तसं वाटलं तर त्याचं काय चुकलं?

सुधारणेबद्दल साहेबांचं वाक्य होतं, "वर्तनात सुधारणा करावी." कसली सुधारणा, किती, कधीपर्यंत? मी लिहिलं: पुढचे दोन महिने रोज ९ वाजता जागेवर हजर राहावे, अडचण आली तर ९ च्या आधी सुपरवायझरला फोन करावा, ३० ऑगस्टला हजेरीचा आढावा घेतला जाईल, दुसरा आढावा महिनाभराने, पुन्हा उशीर झाल्यास सेवानियमांनुसार पुढची कारवाई होऊ शकते, या नोंदींबद्दल काही म्हणणं असल्यास सात दिवसांत लेखी द्यावे. खाली सही फक्त पत्र मिळाल्याची, आरोप मान्य असल्याची नव्हे, हेही स्पष्ट लिहिलं. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करायची. त्यासाठी धमकावायची गरज नसते.

हे शेवटचं, सात दिवसांचं वाक्य काढून टाका म्हणून आत्ताच पुन्हा फोन आला होता. "त्याला कशाला बोलायची संधी?" घरात कोणी आजारी असेल, शिफ्टच्या वेळेची अडचण असेल, कोणी विचारलंय का त्याला? ते वाक्य राहणार. नाहीतर साहेबांनी पत्र स्वतःच्या सहीने काढावं, माझ्या टेबलावरून ते जाणार नाही.