कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मित्राला भेट: त्या व्हायरल सल्ल्यात काय चुकतं

“मित्राला कमी दिसत असेल तर मोठ्ठं भिंग नाहीतर बोलणारं घड्याळ द्या. कमी ऐकू येत असेल तर कानात घालायचं आवाज वाढवणारं यंत्र द्या. विचारत बसू नका, गुपचूप आणून हातात ठेवा. याहून उपयोगी भेट नाही!”

आधी भिंग. भिंग जितकं मोठं, तितकी त्याची ताकद सहसा कमी असते. ही ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. १०० ला त्या आकड्याने भागलं की भिंग कागदापासून साधारण किती सेंटीमीटरवर धरायचं ते कळतं. तळहाताएवढं ४ डायॉप्टरचं भिंग २५ सेंटीमीटरवर धरता येतं, पण अक्षर फारसं मोठं करत नाही. २० डायॉप्टरचं भिंग अक्षर चांगलं मोठं करतं, मात्र ते लहान असतं, ५ सेंटीमीटरवर धरावं लागतं आणि एका वेळी मोजकीच अक्षरं दाखवतं. शिवाय दृष्टी नेमकी कुठे गेली आहे यावर बरंच अवलंबून असतं. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, खराब झाला असेल तर अक्षर मोठं केल्याने फायदा होतो. काचबिंदूने कडेची नजर जाऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसत असेल, तर मोठं केलेलं अक्षर त्या नळीत मावतच नाही. म्हणून भिंग तपासणी करूनच घ्यावं. ते वाढदिवसाला अंदाजाने द्यायची गोष्ट नाही.

मग द्यायचं काय? मॅक्युला खराब झालेली माझी एक मैत्रीण पत्त्यांच्या डावातून हळूहळू बाजूला झाली होती. आकडे बारीक होते, पण खरी अडचण वेगळीच होती. किलवर आणि इस्पिक दोन्ही काळे, बदाम आणि चौकट दोन्ही लाल. आम्ही मोठ्या आकड्यांचा चार रंगांचा कॅट आणला: इस्पिक काळे, बदाम लाल, चौकट निळे, किलवर हिरवे. विकत घेण्याआधी एक पत्ता दिव्याखाली तिरका करून पाहिला, कारण गुळगुळीत पत्त्यावर आकड्यावरच पांढरी चमक येते आणि सगळं मुसळ केरात जातं. सोबत वाकवता येणारा टेबल-दिवा घेतला. दिवा ६० सेंटीमीटरवरून ३० वर आणला की टेबलावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. फक्त शेड इतकी खोल हवी की बसल्यावर बल्ब डोळ्यांसमोर येऊ नये. आता सगळे त्याच कॅटने खेळतात. तो ‘तिच्यासाठीचा’ कॅट राहिलेला नाही, आणि मला या भेटीत तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

बोलणारं घड्याळ काहींना मनापासून आवडतं. पण शांत बैठकीत बटण दाबलं की वेळ सगळ्या खोलीला ऐकू जाते, आणि अनेकांना नेमकं तेच नको असतं. पांढऱ्या तबकडीवर जाड काळे काटे असलेलं, नाहीतर थरथरून वेळ सांगणारं घड्याळ देखणंही असतं आणि गाजावाजाही करत नाही.

आवाज वाढवणाऱ्या यंत्राबद्दलचा सल्ला मात्र घातक ठरू शकतो. वयानुसार किंवा सततच्या गोंगाटाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बहुधा वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ निसटतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणूनच मित्र म्हणतो, “आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.” साधं यंत्र सरसकट सगळंच वाढवतं: भांडी, पंखा, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा. त्यातच अशा कानांना मोठा आवाज एकदम असह्य होतो, आणि उरलेल्या श्रवणशक्तीला इजा होण्याचाही धोका असतो. श्रवणयंत्र ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहून त्या कानासाठी बसवतात. ते काम ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचं. तुम्ही उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर देऊ शकता, कारण रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतात आणि नेहमीचा गजर ऐकू येत नाही. किंवा दोघांसाठी संवाद पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या नाटकाची तिकिटं काढा, मंच आणि संवादांचा पडदा दोन्ही एका नजरेत येतील अशा जागांची.

राहिलं ‘गुपचूप’. श्रवणयंत्राला जोडायचा छोटा माइक फार कामाचा असतो: गोंगाटात बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला की त्याचा आवाज थेट कानात येतो. पण बरेच माइक त्याच कंपनीच्या यंत्रालाच जुळतात. न विचारता आणलेला माइक खोक्यातच पडून राहतो, आणि मित्राला वर आभारही मानावे लागतात. विचारायचं ते दोष कुठला म्हणून नाही, तर “हल्ली काय करायला मजा येते, आणि कुठे अडतं?” असं. वस्तू बदलून मिळेल अशीच घ्या. चिठ्ठी लिहाल ती चमक नसलेल्या फिकट कागदावर, जाड काळ्या स्केचपेनने, ओळींत मोकळी जागा सोडून. म्हणजे ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागणार नाही.