सुवाच्य अक्षरात 406

प्रॅक्टिकल संपलं, ब्युरेट धुऊन स्टँडला लावलं, आणि हातात उरलं रफ वहीचं शेवटचं पान. प्रयोग असा: यावलकडच्या केळीच्या बागेतल्या बोअरचं पाणी, त्याची एकूण दुष्फेनता, ईडीटीए टायट्रेशनने. पानावर एवढंच आहे:

50 → 40 च्या वर. 25 घे + 25 डि.वॉ.
झिंक 10 → 10.2
0 – 21.6 जांभळाच राहतो, बफर जुनं. दुसरं घेतलं
0 – 20.7
20.7 – 41.5
0 – 20.7

एवढ्यावरून जर्नल उभं करायचंय आणि सही उद्या हवी. घाबरू नका, भाऊ. खानदेशात पाणी कितीही जड लागलं तरी जर्नल कायम हलकंच निघतं.

सुरुवात उद्देशापासून करा, म्हणजे तो लवकर उरकतो. "पाण्याचा कठीणपणा अभ्यासणे" असं लिहा. "बागेतल्या बोअरच्या पाण्याची एकूण दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये काढणे" असं चुकूनही लिहू नका. तसं लिहिलं की शेवटी आकडा द्यावा लागतो, एकक द्यावं लागतं, आणि तो आकडा नेमक्या कुठल्या पाण्याचा, हेही सांगावं लागतं. 'अभ्यासणे' मात्र आजवर कुणाचं फसलेलं नाही.

मग कृती. ती रफ पानातून काढायची नसते, सिनिअरच्या जर्नलमधून उतरवायची असते. तिथे सगळं तयार आहे: पिपेटने 50 मिली नमुना शंकूपात्रात घ्या, पीएच 10 चं अमोनिया बफर घाला, एरिओक्रोम ब्लॅक टी टाका, दारूसारखा लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत टायट्रेट करा. यातलं 'घ्या, घाला, टाका' फार सोयीचं आहे. 'घ्या' म्हणजे काय करायला हवं ते. 'घेतलं' लिहिलं की तुम्ही खरोखर काय केलं ते सांगावं लागतं, आणि मग पहिल्याच ओळीत अडखळायला होतं, कारण तुम्ही 50 घेतलंच नव्हतं.

पान पुन्हा बघा. 50 मिलीला रीडिंग 40 च्या वर गेलं, 50 मिलीचं ब्युरेट संपत आलं, म्हणून 25 मिली नमुना घेऊन तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. पाणी फार जड निघालं तर असंच करतात, यात काही चुकलेलं नाही. पण सिनिअरच्या जर्नलात 25 नाही. तेव्हा तुम्हीही 50 लिहा. शंकूपात्रात शेवटी 50 मिली पाणी होतंच की! अर्धं बोअरचं आणि अर्धं डिस्टिल्ड, ही घरातली गोष्ट.

आता निरीक्षणं. रफ पानावर चार रीडिंग आहेत, म्हणजे एक जास्त. 21.6 आधी खोडा. ते का चुकलं हे शेजारीच लिहिलंय. बफरच्या बाटलीचं बूच सैल राहिलं की अमोनिया उडून जातो, पीएच घसरतो, आणि रंग झटकन निळा न होता जांभळ्यावर रेंगाळतो. तुम्ही वाट बघत थेंब सोडत राहता आणि जवळजवळ एक मिली जास्त जातं. नवं बफर घेतल्यावर रंग एका थेंबात फिरला आणि 20.7 आलं. हे रीडिंग कारणासकट तक्त्यात ठेवलं असतं, तर बाकीची तीन का धरली हे वाचणाऱ्याला आपोआप कळलं असतं. पण तक्त्यात खोडलेलं दिसलं की सर प्रश्न विचारतात. खोडलेलं काही दिसलंच नाही, तर विचारतील कशाला?

तिसऱ्या रीडिंगचीही काळजी घ्या. 20.7 पासून सुरू होऊन 41.5 ला संपलं, म्हणजे फरक 20.8. सुरुवातीच्या रीडिंगचा रकाना तुम्ही कंटाळून गाळला असेल, तर नुसतं 41.5 बघून तुमचेच डोळे फिरतील. सोपा उपाय असा की सुरुवात तिन्ही वेळा 0.0, शेवट तिन्ही वेळा 20.7. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग, 20.7. बॅचमधल्या अठरा जणांचं असंच येतं. अठरा वेगवेगळ्या हातांनी, अठरा वेगवेगळ्या ब्युरेटवर, आणि अठरा बाटल्यांतल्या पाण्यावर. शेजारचा विचारेल, "भो, बठ्ठं बरोबर शे ना?" मान डोलवा.

झिंकची ओळ मात्र कुणालाच नको असते. 0.01 मोलर झिंक सल्फेटच्या 10 मिलीला ईडीटीए 10.2 मिली लागलं, म्हणजे ईडीटीएच्या बाटलीवर 0.01 असलं तरी आत 0.0098 आहे. 0.01 मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा आपल्या बाटलीतला एक मिली 0.98 मिलिग्रॅमचा. 20.7 ला 0.98 ने गुणा, 20.29 मिलिग्रॅम. एवढं 25 मिली पाण्यात होतं, म्हणून लिटरला 40 पट: 811. झिंकची ओळ गाळली असती तर 828 आलं असतं. सतराचा फरक, म्हणजे मेहनतीच्या मानाने चूक किरकोळच. नाव काढायचं असेल तर कृतीतलं ते 50 वापरा. 40 ऐवजी 20 ने गुणायचं, उत्तर 406. एका आकड्यात पाणी निम्म्याने हलकं झालं. ठिबकवाल्यांनाही हे जमलेलं नाही.

कॅल्क्युलेटर 405.72 दाखवेल. सगळं उतरवा. ब्युरेट 0.1 मिलीपर्यंतच वाचता येतं, आणि 25 मिली नमुन्यात तेवढ्या चुकीने उत्तर चारने हलतं, म्हणून 811 च्या पुढे दशांश लिहिण्यात अर्थ नाही, हे कुणी सांगायला आलं तर ऐकून घ्या आणि .72 तसंच ठेवा. दशांशाने जर्नल भरीव दिसतं.

निष्कर्षाला फार वेळ देऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. 811 लिहिलं असतं तर पाणी दोन्ही मर्यादांच्या बाहेर, असं म्हणावं लागलं असतं. शिवाय नमुना एकच, एका दिवसाचा, आणि उकळून किती दुष्फेनता जाते हे यातून कळत नाही, हेही जोडावं लागलं असतं. 406 ला हा त्रास नाही. "पाणी मर्यादेत आहे. प्रयोग यशस्वी झाला." खाली रेघ, रेघेखाली तारीख. प्रयोगाची नव्हे, सहीची.

रफ पान फाडून टाका. हातावर पेनने "25" लिहिलं असेल तर साबणाने चोळा. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येणार नाही, पण नेट लावला तर शाई जाईल.

ज्याच्या बागेतून बाटली भरून आणली तो केळीवाला काका आठवड्याने विचारायला येईल, की पोरा, ठिबकला ॲसिड सोडावं लागेल का. जर्नल उघडून 406 दाखवा. त्याने खिशातून तुंबलेला ड्रीपर काढून त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडून दाखवला, तर त्याला नम्रपणे सांगा, काका, जर्नलवर सही झालीय.