ई च्या गाण्याला ए चा माउथ ऑर्गन

"गिटार ई मध्ये वाजते, माझा सी चा माउथ ऑर्गन जुळत नाही. अन् रॉकमध्ये तो रडल्यासारखा सूर कसा काढतात?"

भाऊ, ई च्या गाण्याला ए चा दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन घे. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की ई मिळतो, तोच तुझा सा. तिसरं छिद्र ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली जागा वाढव, जी शार्प घसरून जी वर येतो. रडल्यासारखा सूर म्हणजे हाच कोमल गंधार. पाचव्यात ओढलं की कोमल निषाद तयारच असतो.

मात्र आपल्याकडे जत्रेत मिळतो तो बहुतेक दुहेरी छिद्रांचा, थरथरत्या आवाजाचा. त्याच्या प्रत्येक छिद्रात एकच पत्ती असते, म्हणून सूर असा खाली वाकत नाही. मी आर्णीला असताना वर्षभर त्याच्यावरच झटलो, दोष माझ्या श्वासाचा समजून.

लग्नाच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला सोबत घेशील तर आणखी एक अडचण येईल. आल्टो सॅक्सवर गिटारचा ई म्हणजे सी शार्प, सात शार्पचा सूर, बोटं अडखळतात. गिटारला पहिल्या पट्टीवर कॅपो लाव, ई चेच आकार धर. गाणं एफ मध्ये जाईल, सॅक्सवाल्याला सोपा डी मिळेल. तेव्हा माउथ ऑर्गन मात्र बी फ्लॅटचा लागेल.