नुसतं 'म्हणजे' लावायचं

काल खात्यात 775 रुपये जमा झाले. मेसेज मी तीनदा वाचला, कारण ठरले होते 1200. फोन लावला तर अकाउंटवाले अण्णा अगदी थंडपणे म्हणाले, "सर, टेबलात ओळी होत्या 48, तुम्ही पॅरे दिले 31. ओळीला पंचवीस ठरलेले, एकतीस पंचवीसे सातशे पंच्याहत्तर." मी म्हटलं, अण्णा, ओळी कमी नाही केल्या हो, एकमेकींत नीट बसवल्या. ते म्हणाले, "बसवल्या ना? मग संपल्या." आता ह्याला काय उत्तर द्यायचं.

काम साधं होतं, म्हणजे सांगताना साधं होतं. एक संस्था ठिबकवर नव्याने वळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी छोटी पुस्तिका काढतेय. त्यांच्याकडे शब्दांचं टेबल होतं, चार रकाने: शब्द, अर्थ, माप, शेरा. ते वाचून कोणाला काही कळेना म्हणून त्याची सलग वाक्यं करून हवी होती. साहेब म्हणाले, "टेबल तयारच आहे हो, तुम्ही मधे नुसतं 'म्हणजे' लावायचं." मला वाटलं एका रविवारचं काम आहे, दुपारी जेवून बसलो तर चहापर्यंत उरकेल.

लावलं 'म्हणजे'. लॅटरल म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी नळी. सबमेन म्हणजे लॅटरलला पाणी देणारी नळी. मेन म्हणजे सबमेनला पाणी देणारी नळी. दहा ओळींनंतर मलाच पाढे म्हणतोय असं वाटायला लागलं. त्यात टेबल होतं अकारविल्हे. म्हणजे बघा, नवशिका शेतकरी पुस्तिका उघडतो तर पहिलाच शब्द अॅसिड ट्रीटमेंट. दुसरा इमिटर, त्याच्यापुढे लिहिलंय 'पहा: ड्रिपर'. तिसरा एंड कॅप, म्हणजे नळीच्या शेवटाला लावायचं बूच. अजून नळी आलेली नाही, पाणी आलेलं नाही, विहिरीचा पत्ता नाही, पण अॅसिड ओतून झालं आणि बूचही बसलं! आणि पुढे ड्रिपरपर्यंत गेलो तर तिथे शेरा, 'पहा: इमिटर'. कचेरीत ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, अगदी तसं.

एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली. टेबलात क्रियापद नसतं, ते रकान्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. 'माप' ह्या रकान्याच्या डोक्यावर मिमी लिहिलंय, खाली सबमेनपुढे 63, लॅटरलपुढे 16, आणि मेन लाईनपुढे 3. नुसतं बघताना डोळा सरळ पुढे जातो. वाक्य लिहिलं की, "मेन लाईन 3 मिलिमीटर जाडीची असते," हात थांबतो. तीन मिमी म्हणजे बॉलपेनातली रिफिल! मग सापडलं की कोणीतरी गावात बोलतात तसं तीन इंची पाईप म्हणून 3 टाकलेलं, मिमीत तो 90 चा. टेबलात ही चूक वर्षानुवर्षं निवांत झोपलेली, वाक्यात आली की लगेच ओरडते.

म्हणून अकारविल्हे सोडलं आणि पाणी जसं जातं तसं लिहिलं. विहिरीतलं पाणी मोटर उचलते आणि फिल्टरमध्ये ढकलते. फिल्टरमध्ये कचरा अडतो आणि स्वच्छ पाणी मेन लाईनमध्ये जातं. मेन लाईन ते शेताच्या तुकड्यापर्यंत आणते, तिथे सबमेन ते आडवं वाटून घेते, आणि सबमेनला टोचलेल्या लॅटरल ते झाडांच्या ओळीत नेतात. मागच्या वाक्याच्या शेवटी जो आला तोच पुढचं वाक्य सुरू करतो, त्यामुळे वाचणाऱ्याला नवीन शब्द एकटा भेटत नाही, ओळखीच्याचा हात धरून येतो. ह्यात चार ओळी मिळून एक पॅरा झाला. (तेव्हा मला काय माहीत की इथे माझे 75 रुपये वाहून गेले.)

तर ह्याची प्रिंट काढायला चोपड्याला बसस्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडे गेलो आणि पोचलो तोच लाईट गेली. दुकानात मी, दुकानदार पोरगा, आणि सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक आप्पा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. लाईट यायची तर तासभर नक्की. मी आपला कागद काढून मोठ्याने वाचून बघत होतो, कारण वाक्य चांगलं की वाईट हे कानाला आधी कळतं. आप्पा सरकत सरकत माझ्या बाकावर.

"भाऊ, काय वाची ऱ्हायना?"

सांगितलं, ठिबकची पुस्तिका. वाचून दाखवलं: "ड्रिपर म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारा भाग. त्याचा विसर्ग चार एलपीएच असतो."

"एलपीजी ऐकेल शे. हाई एलपीएच काय शे?"

"तासाला चार लिटर, आप्पा."

"मंग मी तासभर तठे बशी ऱ्हासू का, चार लिटर व्हयनं का नही ते देखाले?"

दुकानदार पोरगं हसलं. मला राग आला, कारण खरं सांगू, वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, "माप सांगितलंय आप्पा, तुम्ही बसावं असं कुठे म्हटलंय."

"माप सांगं, पन मोजू कसं ते सांगं नही." आप्पांनी पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे आता मुक्काम. "मी काय करस, क्वार्टरनी रिकामी बाटली ठेवस ड्रिपरखाल. तीन मिनिटना आत भरनी पाहिजे. नही भरनी त काहीतरी गडबड शे."

मी मनातल्या मनात हिशोब केला. चार लिटर साठ मिनिटात, म्हणजे मिनिटाला साधारण 67 मिली. क्वार्टर 180 ची. दोन मिनिटं बेचाळीस सेकंद! आप्पांचा हिशोब माझ्या टेबलापेक्षा पक्का निघाला, आणि तोही रिकाम्या बाटलीवर. (बाटली रिकामी कशी झाली ते मी विचारलं नाही.)

"आनि नही भरनी त?" आप्पाच मला विचारतायत, आणि उत्तरही तेच देतायत. "एकच ड्रिपर उपाशी व्हई, बाजूले बठ्ठा चांगला, त तो चोक व्हई गया. लाईनना शेवटला बठ्ठा उपाशी, त दाब पुरत नही, नही त शेवटले गाळ शे. बूच काढ, पानी जाऊ दे, मंग परत बाटली."

आता बघा, हे सगळं टेबलात होतं. खोटं नाही सांगत. 'ड्रिपर' पुढे माप 4, 'दाब' पुढे 1 किलो, 'चोकअप' पुढे 'तपासणे', 'एंड कॅप' पुढे 'फ्लशिंगसाठी उघडणे'. चार ओळी, चार पानांवर, एकमेकींचं तोंड न बघता बसलेल्या. दाब निम्मा झाला तर साध्या ड्रिपरचं पाणी निम्मं होत नाही, चारचं साधारण पावणेतीन लिटर होतं, म्हणून नुसतं बघून कळतच नाही, बाटलीच लावावी लागते. हे जोडून सांगणारं वाक्य टेबलात मावत नाही. आप्पांना मात्र पाठ. मी तिथेच कागदावर लिहून घेतलं, चार ओळींचा एक पॅरा. आणखी 75 गेले.

मग म्हटलं, आता ऐकवतोच आहे तर अॅसिडही ऐकवू. कारण त्या ओळीशी माझं तीन दिवस जमत नव्हतं. शेरा होता: 'अॅसिड + पाणी'. एवढंच. बेरजेला क्रम नसतो, दोन अधिक तीन काय नि तीन अधिक दोन काय. पण स्वयंपाकात असतो. भरताला वांगं आधी भाजायचं का मिरची आधी कुटायची, हे 'वांगी + मिरची + लसूण' लिहून कसं कळणार? वांग्याचं फार तर चवीवर निभावतं. मी पहिल्या झटक्यात लिहिलेलं वाक्य होतं, "अॅसिडमध्ये पाणी मिसळून..." हे वाचलं आणि आप्पा एकदम ताठ.

"काट ते! काट पहिले!"

"का हो?"

"मना सालदारनी आसंच करं व्हतं. बादलीत अॅसिड, वर तांब्यानं पानी. असं फसकन उडनं, हात भाजी गया त्याना. पानी पहिले, अॅसिड मंग, धीरे धीरे."

मी पेनाने काटलं. हात थोडा थरथरला, खरंच. पाणी अॅसिडवर पडलं की वरच्यावर एकदम तापतं आणि शिंतोडे उडतात, अॅसिड थोडं थोडं पाण्यात सोडलं की ती उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. ही काही गुप्त विद्या नाही, शाळेत मीही शिकलोय, पण त्या बेरजेच्या चिन्हाने मला गाफील केलं. जे टेबलात नुसतं अर्धवट होतं ते माझ्या वाक्यात चक्क चुकीचं झालं होतं, कारण वाक्याला कोणाला तरी आधी ठेवावंच लागतं. मग असं लिहिलं: "आधी बादलीत पाणी घ्या. त्यात अॅसिड बारीक धारेने सोडा. अॅसिडमध्ये पाणी कधीच ओतू नका." आणि हा पॅरा पुस्तिकेत पार शेवटी नेला, नळी, बूच, चोकअप सगळं कळल्यावर.

लाईट आली, आप्पांनी सातबारा घेतला, दहा रुपये दिले आणि जाताना म्हणाले, "भाऊ, ह्या कामना पैसा भेटतस का तुले?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बाराशे.

साहेबांना मसुदा पाठवला तर त्यांची एकच शंका, "ही 180 मिलीची बाटली का? शंभरची का नाही, दोनशेची का नाही?" मी म्हटलं, सर, गावात सहज मिळते. ते म्हणाले, "असं लिहू नका, संस्थेला शोभत नाही," आणि तिथे 'मोजपात्र' आलं. आता खांद्यावर टॉवेल टाकलेला माणूस केळीच्या बागेत मोजपात्र कुठून आणणार हे त्यांनाच विचारा.

पुस्तिका आज पोस्टाने आली, मानधनापेक्षा जाड पाकिटात. वाक्यं आहेत माझी, मोजपात्र सोडलं तर जशीच्या तशी. पण मागे 'सोयीसाठी' म्हणून ते जुनं टेबलही छापलंय, सगळ्या 48 ओळी, अकारविल्हे. पहिली ओळ अॅसिड + पाणी. मेन लाईन 3 मिमी. इमिटर, पहा: ड्रिपर. ज्याने ते टाईप केलं त्याला ओळीप्रमाणे पूर्ण पैसे मिळाले, अण्णांकडून विचारून घेतलंय मी.